पाणीपातळीचा आलेख एकदा उभा कडा, एकदा सपाट: एकाच पुराची रेघ दोन तऱ्हांनी का दिसते आणि तिला कोणता आकार द्यावा

तक्रार नेहमीची आहे. सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी कुणीतरी एक्सेलमध्ये भरत असतं, त्याचा आलेख फोनवर फिरतो, आणि तासाभरात दोन प्रकारचे फोन येतात. फोनवर उभं चित्र बघितलेला माणूस विचारतो, "दादा, पाणी सरळ वरच चाललंय की, सामान माडीवर न्यायचं का?" लॅपटॉपवर आडवं चित्र बघितलेला म्हणतो, "एवढं काय नाय, हळूहळू चढतंय." आकडे दोघांकडं तेच असतात. वेळ तीच, फूट तेच, फक्त चित्राची रुंदी-उंची वेगळी.

हा दोष आकड्यांचा नाही, म्हणून आकडे पुन:पुन्हा तपासून तो सापडत नाही. तो कागदावरच्या मापात असतो, आणि सापडतो पट्टीनं. दोन्ही चित्रं समोर ठेवा आणि दोनच मापं घ्या: उभ्या अक्षावर एक फूट किती मिलिमीटरचा आहे आणि आडव्या अक्षावर बारा तास किती मिलिमीटरचे आहेत. दोन्ही चित्रांत या मापांचं आपसातलं प्रमाण सारखं असेल, तर रेघेचा कोनही सारखाच असणार, चित्र लहान असो की मोठं. प्रमाण वेगळं निघालं तर दोष सापडला. चित्र चारही बाजूंनी सारखं लहान-मोठं केल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते एकाच बाजूनं ओढल्यावर. वर्डमध्ये चित्राच्या कोपऱ्याऐवजी मधला ठिपका धरून ओढला की नेमकं तेच होतं.

त्याआधी एक वेगळा आजार बाजूला काढायला हवा, कारण तोही याच लक्षणांनी येतो. पाणी कमी असताना नोंद सकाळ-संध्याकाळ घेतली जाते आणि पाणी चढायला लागलं की तासातासाला. एक्सेलचा साधा `Line` आलेख वेळेचा रकाना मजकूर समजला, तर प्रत्येक नोंदीला सारखी जागा देतो. मग बारा तासांचं अंतर आणि एका तासाचं अंतर कागदावर एकच होतं. ऐन चढाची रेघ आडवी पसरते, आणि पाणी सगळ्यात जोरात चढत असतं तिथंच ती सपाट दिसते. वेळेचा रकाना तारीख म्हणून ओळखला गेला तरी सुटका नाही. त्या प्रकारात सगळ्यात लहान एकक दिवस असतं, त्यामुळे एका दिवसाच्या साऱ्या नोंदी एकाच उभ्या ओळीत चढून बसतात. उपाय एकच: आलेखाचा प्रकार `Scatter with Straight Lines` घ्यायचा आणि वेळ खऱ्या तारीख-वेळेच्या रूपात भरायची. हे केल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे.

आता मूळ दुखणं. समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक पूर घेऊ. हे आकडे कुठल्या वर्षाचे नाहीत, पण चढ-उताराची चाल आपल्याकडच्या पुरासारखी ठेवली आहे. सोमवारी सकाळी आठला पातळी २० फूट. त्यानंतर दर बारा तासांनी २१, २४, ३०, ३७, ४१, ४३. गुरुवारी सकाळी ४३ वर पोचलेलं पाणी संध्याकाळीही ४३ वरच थांबलंय. मग उतार लागतो: ४२, ४०, ३७, ३४, आणि रविवारी सकाळी ३१. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, म्हणजे या पुरानं इशारा ओलांडला पण धोका गाठला नाही. अक्ष १८ ते ४८ फूट ठेवू, म्हणजे दोन्ही रेषा चित्रात येतील.

बारा तासांत जितके फूट, तितकेच तासाला इंच. हा हिशोब सांगलीकराला सोयीचा आहे, कारण पूर आला की आपण तासाच्या इंचातच बोलतो. तर या पुरात सगळ्यात जोराचा चढ तासाला सात इंच आहे आणि उताराचा नेहमीचा वेग तासाला तीन इंच. बघणाऱ्याला आलेखातून कळायला हवी ती हीच गोष्ट: पाणी आलं झपाट्यानं, जातंय मात्र रेंगाळत. त्यात नवल नाही. सांगलीच्या लगेच खाली हरिपूरला वारणा मिळते आणि पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. त्याही भरून वाहत असल्या की इथल्या पाण्याला पुढं सरकायला वाव कमी राहतो. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरात राहणाऱ्याला घरी कधी परतायचं ते या उतारावरून ठरवायचं असतं.

हाच पूर फोनसाठी म्हणून ६ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच चौकटीत काढला, तर सात इंचांचा चढ ७८ अंशांवर उभा राहतो आणि तीन इंचांचा उतार ६३ अंशांवर. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच उभ्या. पाणी आलं तसंच गेलं, असं वाटतं. उलट बातमीच्या पट्टीसारख्या २४ बाय ४ सेंटिमीटरच्या चौकटीत चढ २५ अंशांचा आणि उतार ११ अंशांचा. दोन्ही निवांत. पहिलं चित्र घाबरवतं आणि दुसरं झोपवतं, पण चढ आणि उतार यांच्यातला फरक दोघंही गिळून टाकतात. पहिल्यात तो १५ अंशांहून कमी उरतो, दुसऱ्यात १४ च्या आसपास. प्रत्यक्षात मात्र एक वेग दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे.

डोळा वेग वाचतो तो कोनावरून, आणि कोनाची अडचण अशी की तो नव्वदाच्या पुढं जात नाही. रेघा उभ्या झाल्या की वेग दुप्पट झाला तरी कोनाला वाढायला जागा उरत नाही, आणि रेघा फार निजल्या तर दोन्ही कोन शून्याजवळ दाटीवाटीनं बसतात. दोन वेगांतला कोनाचा फरक जास्तीत जास्त मोकळा होतो तो त्या दोन रेघा ४५ अंशांच्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरल्या तर. संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलंड यांनी मेरिलिन मॅकगिल आणि रॉबर्ट मॅकगिल या सहकाऱ्यांबरोबर १९८८ साली हा विचार नीट मांडला: रेघेच्या तुकड्यांचा मधला कल ४५ अंशांवर येईल अशी चौकट निवडावी. त्यांचं गाजलेलं उदाहरण सूर्यावरच्या डागांचं आहे. उंच चौकटीत ते आकडे नुसते काटे दिसतात. चौकट बुटकी आणि रुंद केली की दिसतं की डागांची संख्या भरभर वाढते आणि सावकाश ओसरते. म्हणजे आपल्या पुराचीच चाल. पुढच्या प्रयोगांनी ४५ हा आकडा तितकासा पक्का नाही असं दाखवलं आहे, पण सुरुवात करायला त्याच्याइतकी सोयीची जागा नाही.

आपल्या पुरावर हे लावू. बारा तुकड्यांतला एक सपाट आहे, तो सोडून द्यायचा. उरलेल्या अकरांचे वेग चढ-उतार न बघता लहान-मोठे लावले तर १, १, २, २, ३, ३, ३, ३, ४, ६, ७ असे येतात. मधला सहावा, तो ३. म्हणजे तासाला तीन इंच, चार तासांना एक फूट. हा वेग ४५ अंशांवर यायला हवा असेल तर कागदावर एका फुटाची उंची चार तासांच्या रुंदीइतकी असली पाहिजे. उत्तर एवढंच आहे: एक फूट बरोबर चार तास. मिलिमीटरच्या आलेख कागदावर तासाला एक बारीक घर आणि फुटाला चार. १४४ तासांचे १४४ मिलिमीटर, ३० फुटांचे १२० मिलिमीटर. या चौकटीत उतार ४५ अंशांवर येतो आणि जोराचा चढ ६७ अंशांवर. फरक २२ अंशांचा. आता कुणालाही न सांगता दिसतं की एक बाजू उभी आहे आणि दुसरी कलती.

पायथॉन वापरणाऱ्यांसाठी एवढं पुरे:

```python
import numpy as np
t = np.arange(0, 145, 12)
h = np.array([20,21,24,30,37,41,43,43,42,40,37,34,31])
m = np.abs(np.diff(h) / np.diff(t))
print(1 / np.median(m[m > 0]))
```

उत्तर 4.0 येतं, म्हणजे एका फुटाला चार तास. तासातासाच्या कच्च्या नोंदी मात्र यात तशाच घालू नका. त्या इंचाच्या अंदाजानं वाचलेल्या असतात, एकदा शून्य, एकदा दोन, पुन्हा शून्य. मधला वेग त्या थरथरीवर ठरतो, पुरावर नाही. आधी सहा किंवा बारा तासांच्या सारख्या अंतरावर आकडे घ्या.

इथं काही जण एका फुटाला तीनच तास का नको म्हणून विचारतील. चालेल. मग चढ ६० अंशांवर आणि उतार ३७ वर येईल, फरक २३. चार आणि तीन यांत वाद घालण्यासारखं काही नाही. पण एका फुटाला बारा तास घेतले तर फरक १० अंशांवर येतो आणि एक तास घेतला तर १६ वर. म्हणजे योग्य आकार हा एक नेमका आकडा नसून बराच ऐसपैस पट्टा आहे, आणि त्याच्या बाहेर गेलं की बिघडायला लागतं. मी चार घेतो तो हिशोबाला सोपा म्हणून.

यापुढं जो दोष येतो तो जास्त छुपा आहे, आणि माझ्या मते वरच्या साऱ्यापेक्षा तोच जास्त फसवतो. आलेख रोज वाढत असतो, पण चौकट तीच राहते. मंगळवारी सकाळी तुमच्याकडं चोवीस तासांचे आकडे आहेत, २० ते २४ फूट. बुधवारी सकाळी अठ्ठेचाळीस तासांचे, २० ते ३७ फूट. पायथॉनमधली मॅटप्लॉटलिबसारखी साधनं अक्ष आपोआप ठरवताना आकडे चौकटभर पसरवतात. त्यामुळे दोन्ही दिवशी रेघ खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून वरच्या उजव्या कोपऱ्यात पोचते. मंगळवारचा सरासरी वेग तासाला दोन इंच, बुधवारचा सव्वाचार, आणि चित्रात दोन्ही रेघांचं एकूण तिरपेपण एकच. ते चौकटीचं तिरपेपण आहे, नदीचं नाही. एक्सेलची तऱ्हा आणखी निराळी. आकडे एकमेकांपासून लांब असले की ते उभा अक्ष शून्यापासून घेतं आणि जवळ असले की मधूनच सुरू करतं. त्यामुळे पुराच्या मधल्या एखाद्या दिवशी काही न बदलता चित्र एकदम पालटतं, आणि लोकांना वाटतं पाण्यानं काहीतरी केलं.

आणि ४५ अंशांचा नियम रोज नव्यानं लावणं हा त्यावर उपाय नाही. तसं केलं तर संथ पूर आणि भयंकर पूर दोघंही ४५ अंशांवर येऊन बसतील आणि तुलनाच मरेल. नियम एकदाच लावायचा, एका भरल्या पुराच्या आकड्यांवर. त्यातून एक फूट बरोबर चार तास हे माप घ्यायचं आणि मग ते हंगामभर हलवायचं नाही. संथ चढ त्यात संथ दिसेल, तेच बरोबर आहे.

मॅटप्लॉटलिबमध्ये हे माप बांधून ठेवता येतं:

```python
ax.set_xlim(0, 144)
ax.set_ylim(18, 48)
ax.set_aspect(4, adjustable="box")
```

आडव्या अक्षावर तासांऐवजी तारखा असतील तर तिथलं एकक दिवस असतं. तेव्हा `4` ऐवजी `1/6` लिहायचं, कारण चार तास म्हणजे दिवसाचा सहावा भाग. हे राहून गेलं की चौकट एकतर दोऱ्यासारखी बारीक होते किंवा गायबच होते, आणि माणूस कोड चुकलं समजून भलतीकडं शोधत बसतो.

एक्सेलमध्ये अशी बांधणी देणारी खिडकी नाही, पण एक साधी युक्ती आहे. उभ्या अक्षाचं `Major` सहा फुटांवर ठेवा, आडव्याचं `1` ठेवा म्हणजे एक दिवस. चोवीस तासांत सहा फूट, म्हणजे फुटाला चार तासच. दोन्ही बाजूंच्या जाळीच्या रेषा चालू करा आणि आतली चौकट हातानं ओढून जाळीचं प्रत्येक घर चौरस करा. आपल्या पुरात आडवी सहा घरं आणि उभी पाच. अक्षांचे `Minimum` आणि `Maximum` हातानं भरा, आपोआपवर सोडू नका. एकदा ओढलेली आतली चौकट पुढं आपोआप बदलत नाही, नाहीतर उजवीकडं सूचीचा डबा आला की तो रुंदी खाऊन टाकतो. मग `Format Chart Area` मध्ये `Lock aspect ratio` आणि `Don't move or size with cells` या दोन खुणा करा. दुसरी विसरली की कुणी रकाना रुंद करतो आणि आलेखही रुंद होतो. ४० आणि ४५ फुटांच्या रेषा जाळीत बसत नाहीत, त्या वेगळ्या तुटक रेषांनी काढा.

चौरस घरांचा मोठा फायदा असा की पुढं कुणीही, पट्टी नसतानाही, दोष ओळखू शकतो. घर चौरस नाही, म्हणजे चित्र कुणीतरी ओढलंय.

फोनचं काय? उभ्या पडद्यावर सहा दिवस बसवायचे म्हणून चित्र बाजूनं दाबलं जातं, तिथूनच हा सगळा घोळ सुरू होतो. दाबू नका, कापा. शेवटचे ७२ तास तेवढे दाखवा. त्याच मापानं ते ७२ मिलिमीटर रुंद आणि १२० मिलिमीटर उंच येतात, तीन घरं आडवी आणि पाच उभी. ही चौकट आपोआपच उभी आहे आणि फोनवर नीट बसते. गणपती पेठेतल्या दुकानदाराला सोमवारी काय होतं यात तसाही रस नसतो. त्याला गेल्या रात्रीपासून पाणी चढतंय की थांबलंय ते हवं असतं. पूर्ण सहा दिवसांचं चित्र पाठवायचं असेल तर आडवंच पाठवा, अक्षरं मोठी ठेवा, आणि ते लहान दिसलं तरी चालू द्या.

पाणी ४८ च्या वर गेलं तर? २०१९ मध्ये आयर्विनला पातळी ५७ फुटांच्या पुढं गेली होती. अशा वेळी हात शिवशिवतो तो अक्ष ६० पर्यंत वाढवून चौकट तेवढीच ठेवण्याकडं, आणि मग ऐन महापुरात रेघ आडवी होते. वर घरं वाढवा: ४८ ते ५४ एक, ५४ ते ६० दुसरं. चित्र उंच होईल, तेच हवं. २०१९ आणि या वर्षीचा पूर शेजारी ठेवायचे असतील तर दोन्ही एकाच मापानं काढा, मग एकाची चौकट सात घरं उंच आणि दुसऱ्याची पाच असली तरी हरकत नाही. किंवा दोन्ही रेघा एकाच चौकटीत काढा, चाळीस फूट ओलांडलं तो तास दोघांचा शून्य धरून.

या मापाची मर्यादाही आहे. ते पुराच्या तासांचं माप आहे. वर्षभराच्या पातळीचा आलेख तासाला एक मिलिमीटरनं काढायला गेलात तर पावणेनऊ मीटरचा कागद लागेल. तिथं वेगळं माप घ्यावं लागतं, आणि त्यात प्रत्येक पूर सुईसारखाच उभा दिसणार, चौकट कशीही ठेवा. म्हणून वर्षाचं चित्र पूर कधी आले आणि किती उंच गेले एवढ्यापुरतं वापरायचं. किती वेगानं आले हे त्यात विचारायचं नाही, त्यासाठी खाली पुराच्या आठवड्याचा तुकडा चार तासांच्या मापानं वेगळा जोडायचा आणि दोन्हींखाली आपापलं माप लिहायचं: "१ घर = ६ फूट × १ दिवस".